सरकीचं नाव, कंपनीचं नाव: कापूस बियाण्याच्या ब्रँड ट्रॅकिंगची पार्श्वभूमी

लोकांना जाहिरात किती आठवते हे मोजण्याची पद्धत अमेरिकेतून आली. विसाव्या शतकाच्या मध्याला तिथे जाहिरात लागल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करून "काल काय पाहिलं?" असं विचारलं जाई. पुढे ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात एकदाच विचारण्याऐवजी दर आठवड्याला थोड्या थोड्या नव्या लोकांना तेच प्रश्न विचारायचे आणि आलेख पाहायचा, अशी सवय पडली. यालाच ट्रॅकिंग म्हणतात. आपल्याकडे हे काम आधी साबण, चहा, टूथपेस्ट यांच्यासाठी झालं आणि तेही बहुतेक शहरांत. मराठवाड्यात ते गंभीरपणे आलं ते बियाण्यामुळे, म्हणून इथे बोलायचं ते कापसाबद्दलच.

मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. काही वर्षांतच एकच तंत्रज्ञान घेतलेल्या डझनावारी कंपन्यांची पाकिटं जालना, परभणी, बीडच्या कृषी सेवा केंद्रांत लटकू लागली. संकरित सरकी घरची ठेवून चालत नाही, दर खरिपाला नवी बॅग आणावीच लागते. सोयाबीनचं तसं नाही. तिथे घरचं बी पेरणारे भरपूर, म्हणून ब्रँडची चढाओढही मवाळ. २०१६च्या हंगामापासून बीटी पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवू लागलं आणि किमतीवर खेळायची जागा आणखी आक्रसली. राहिलं ते नाव. भिंती रंगल्या, भोंग्याच्या जीप गावोगाव फिरल्या, शेतावर पीकपाहणीचे मेळावे झाले. या सगळ्यावर ओतलेल्या पैशाचं काय झालं, हे ट्रॅकिंगने सांगावं अशी अपेक्षा तयार झाली.

प्रश्नांचा क्रम सगळीकडे एकच. आधी कुठलाही इशारा न देता विचारायचं, "कापसाच्या बियाण्याच्या कोणकोणत्या कंपन्या माहीत आहेत?" पहिलं नाव टॉप ऑफ माइंड, पहिलं धरून आपणहून निघालेली सगळी नावं म्हणजे स्पॉन्टेनियस. मग यादी वाचून "यातली कोणती ऐकली आहेत?" हे एडेड. यादीत एक बनावट नावही घालतात. ते ऐकल्याचं सांगणारे दर वेळी थोडे निघतातच, आणि एडेडच्या आकड्यात किती भर नुसत्या होकाराची आहे याचा अंदाज त्यावरून येतो. जाहिरातीचे प्रश्न सगळ्यात शेवटी. ते वर घेतले तर आपणहून आठवण्याचा प्रश्नच नासतो.

खरं भांडण झालं ते उत्तर कुठल्या खान्यात टाकायचं यावर, म्हणजे कोडिंगवर. परभणीकडच्या गावात पारावर बसलेल्याला कंपनी विचारली तर तो वाण सांगतो. "औंदा कोणती सरकी लावली?" याचं उत्तर तिथे एखादा आकडा किंवा पाकिटावरचं दोन अक्षरी नाव असतं. कंपनी कुठली विचारल्यावर तो पाकिटाचा रंग सांगेल, दुकानदाराचं नाव सांगेल. मग हा माणूस कंपनीला ओळखतो की नाही? एका बाजूचं म्हणणं असं, की जाहिरातीचा खर्च कंपनीच्या नावावर आहे, वाण दोन-चार वर्षांत बदलतो, म्हणून फक्त कंपनीचं नाव मोजा. दुसरी बाजू म्हणते, शेतकरी दुकानात वाण मागतो आणि बॅग त्यावरच विकली जाते, म्हणून वाण सांगितला तरी कंपनीच्या खात्यात धरा. जाहिरात करणाऱ्यांना अर्थातच दुसरा नियम आवडतो, आकडा मोठा दिसतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बिघडतं ते दोन फेऱ्यांच्या मध्ये नियम बदलला की. एक कल्पित उदाहरण पाहू. जाहिरात झालेल्या तालुक्यांत मार्चमध्ये ३०० आणि जूनमध्ये ३०० वेगळ्या कापूस उत्पादकांना विचारलं. मार्चमध्ये १२ टक्क्यांनी कंपनीचं नाव घेतलं आणि आणखी ९ टक्क्यांनी फक्त वाण सांगितला. जूनमध्ये हेच आकडे १४ आणि १५. मार्चचं कोडिंग फक्त कंपनीवर झालं, जूनला नव्या माणसाने वाणही आत घेतले, तर अहवालात १२वरून २९ अशी झेप दिसेल आणि मोहिमेचा सत्कार होईल. नियम एकच ठेवला तर वाढ कंपनीच्या नावात २ आणि दोन्ही मिळून ८, म्हणजे २१वरून २९. वाढीचा बहुतेक भाग वाणाच्या नावात आहे हेही तेव्हाच कळतं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची माहिती तीच. म्हणून दोन खाने वेगळे ठेवावेत, बेरीज नंतर कुणालाही करता येते.

आता ते ८ तरी खरे का? ३००-३०० च्या दोन नमुन्यांत एवढ्या पातळीवर निव्वळ योगायोगाने साधारण ७ टक्के-बिंदूंचा फरक पडू शकतो. त्यात एकेका गावात दहा-दहा मुलाखती घेतलेल्या असतात आणि एका गावातले शेतकरी एकाच दुकानातून बी आणतात, त्यांची उत्तरंही एकमेकांसारखी येतात. ते धरलं की मर्यादा ८च्या वर जाते. म्हणजे ८ची वाढ उंबरठ्यावर अडकली.

त्याहून मोठी अडचण पंचांगाची आहे. मार्चमध्ये शेतकऱ्याच्या डोक्यात सरकी नसते, तो फरदड काढण्याच्या किंवा शेवटच्या कापसाच्या भावाच्या चिंतेत असतो. मे-जूनमध्ये प्रत्येक चहाच्या टपरीवर बियाण्याचाच विषय. सगळ्याच कंपन्यांची आठवण वर जाते, जाहिरात न करणाऱ्यांचीसुद्धा. म्हणून जाहिरात न झालेले, पण तसेच कापसाचे तालुके जोडीला घ्यावे लागतात. आपल्या उदाहरणात तिथेही २०वरून २६ झालं, तर मोहिमेच्या वाट्याला उरले २. एवढ्या नमुन्यात २ म्हणजे काहीच सांगता येत नाही. जोडीचे तालुके परवडत नसतील तर निदान गेल्या जूनशी हा जून ताडावा. तेही नसेल तर प्रतिस्पर्ध्यांचे आकडे शेजारी मांडावेत. सगळे एकदम चढले असतील तर चढण हंगामाची.

जाहिरातीच्या आठवणीचा एक जुना फसवा गुणही इथे भेटतो. जो ती सरकी आधीच लावतो त्याला जाहिरात जास्त दिसते. त्यामुळे "जाहिरात पाहिलेल्यांत खरेदी दुप्पट" हे वाक्य अहवालात आलं की आधी गेल्या हंगामात तीच सरकी लावलेले बाजूला काढून पाहावं. कुठे पाहिली या उत्तरावर तर फार भरवसा नकोच. मोहीम फक्त भिंतींवर आणि जीपवर असली, तरी बरेच जण बिनदिक्कत टीव्ही सांगतात.

कागदी प्रश्नावलीची जागा टॅबलेटने घेतल्यावर नवा घोळ आला. पडद्यावर कंपन्यांची तयार यादी असते, त्यात नसलेलं उत्तर "इतर" मध्ये टाइप करावं लागतं. दुपारच्या उन्हात घाईला आलेला मुलाखतकार वाणाचं नाव टाइप करण्याऐवजी जवळची वाटेल ती कंपनी दाबतो, आणि कोडिंगचा वाद त्याच्या बोटाशीच परस्पर मिटतो. हे ओळखता येतं: एखाद्या मुलाखतकाराच्या सगळ्या मुलाखतींत "इतर" रिकामं असेल, तर त्याच्या गावांत पुन्हा जाऊन पाच-सात जणांना विचारून पाहायचं. उपाय म्हणून आता काही ठिकाणी हंगामाआधी जिल्ह्यातल्या दुकानांतून वाणांची यादी करून ती पडद्यावर कंपन्यांच्या बरोबरीने टाकतात, आणि दोन प्रश्न जोडतात: दुकानात काय मागितलं, आणि घरी काय आणलं. ज्या वर्षी मागणीच्या वाणाचा तुटवडा असतो, त्या वर्षी या दोन उत्तरांत बरंच अंतर पडतं, आणि ते अंतर दुकानदाराचं असतं, जाहिरातीचं नाही.