अभ्यासमंडळ (स्वीडन)

समान आवडीच्या काही प्रौढ व्यक्तींनी ठरावीक दिवशी एकत्र येऊन, शिक्षकाविना, पुस्तकांच्या आधारे चालविलेला अभ्यास. स्वीडनमधील या पद्धतीचा आरंभ सामान्यतः १९०२ हे वर्ष धरून सांगितला जातो. त्या वर्षी ऑस्कर ओल्सन (१८७७–१९५०) यांनी लुंड येथे ‘गुड टेम्प्लर’ या मद्यपानविरोधी संघटनेच्या शाखेत असे मंडळ सुरू केले.

उगमाविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील शटॉक्वा येथे १८७८ मध्ये घरबसल्या वाचनाचा चार वर्षांचा क्रम सुरू झाला होता आणि त्याचे वाचक गावोगावी मंडळे करून भेटत. ओल्सन यांची कल्पना तेथूनच आली, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते तिचे मूळ संघटनेच्या शाखासभांत आहे. कारण तेथे सामान्य सभासदांना सभा चालविण्याची आणि वाद घालण्याची सवय आधीच झालेली होती. ही संघटना स्वतः अमेरिकेतून १८७९ मध्ये स्वीडनमध्ये आलेली असल्याने दोन्ही मते परस्परांना पूर्णपणे छेद देत नाहीत. तथापि शटॉक्वाचा क्रम वरून ठरत असे, तर ओल्सन यांच्या मंडळात काय वाचावे हे सभासद ठरवीत. हा फरक मूलभूत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

सुरुवातीच्या मंडळांचा कणा म्हणजे पुस्तकांची फिरती होती. समजा, दहा सभासदांनी वर्गणी काढून दहा वेगवेगळी पुस्तके घेतली, तर प्रत्येक जण एक घरी नेतो आणि पुढच्या बैठकीत ते शेजाऱ्याकडे देतो. एका पुस्तकाच्या खर्चात हंगामभरात दहा पुस्तके वाचून होतात. मात्र अशा वाचनात एका वेळी सर्वांसमोर एकच मजकूर नसतो. म्हणून चर्चेसाठी एक समान विषय किंवा बैठकीत मोठ्याने वाचायचा उतारा वेगळा ठरवावा लागतो. ही तजवीज नसली की बैठक ज्याने त्याने आपल्या पुस्तकाचा गोषवारा सांगण्यापुरती उरते. वाचून झालेली पुस्तके मंडळाच्या ग्रंथालयात जमा होत आणि पुढच्या गटाला उपयोगी पडत.

प्रमुख हा सभासदांपैकीच एक असतो. त्याने बैठकीची वेळ पाळावी, विषय भरकटू देऊ नये आणि गप्प बसणाऱ्यास बोलते करावे, इतकीच अपेक्षा असते. बिघाडाची पहिली खूण येथेच दिसते: प्रश्न एकमेकांना न विचारता सगळे प्रमुखालाच विचारू लागले, की मंडळाचा वर्ग झालेला असतो. मग घरचे वाचन मागे पडते, कारण उत्तर बैठकीत आयते मिळते.

१९१२ मध्ये मंडळांच्या ग्रंथालयांसाठी सरकारी अनुदान सुरू झाले. कामगार चळवळीची शिक्षणसंघटना ‘आबेएफ’ हीदेखील त्याच वर्षी स्थापन झाली. पुढे अनुदानासाठी सभासदांची किमान संख्या आणि अभ्यासाचे किमान तास ठरविण्यात आले. अभ्यासाचा तास ४५ मिनिटांचा धरतात.