शिंप्याच्या हाताला मुंग्या: नस मानेत की मनगटात?

«दिवसभर मान खाली घालून शिवणकाम. हाताला मुंग्या येतात म्हणजे मानेचीच नस दबली असणार ना?»

बहुतेकदा नाही. आधी बोटं बघा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी शाबूत राहते, रात्री हात झटकला की बरं वाटतं. ही खूण मनगटातल्या मीडियन नसेची. जाड कापडावर कात्री चालवताना मनगट वाकतं, मूठ आवळली जाते आणि तिथल्या अरुंद बोगद्यात नस चेपते.

नर्व्ह कंडक्शन चाचणीच्या आलेखात हे दिसतं. अनामिकेत दोन नसा येतात, मीडियन आणि अल्नर. बोटापासून 14 सेंमी अंतरावर, मनगटाशी दोन्हींना आळीपाळीने हलका झटका देऊन बोटावर लहर टिपतात. समजा, अल्नरची लहर 3.0 मिलिसेकंदांत शिखर गाठते आणि मीडियनची 4.1 मध्ये, तीही बुटकी. बोट एकच, अंतर तेच, तरी 1.1 चा फरक, साधारण 0.5 च्या वर गेला की संशय पक्का. अल्नर बोगद्याबाहेरून जाते, म्हणून ती वेळेवर पोहोचते.

नस मानेत दबली असती तर बोटाची ही संवेदी लहर सहसा नॉर्मल आली असती, कारण संवेदना वाहणाऱ्या तंतूंच्या पेशी दाबाच्या जागेच्या अलीकडे, हाताच्या बाजूला असतात. मात्र हात गार असेल तर दोन्ही लहरी उशिरा येतात, त्यामुळे कातडी 32 अंशांपर्यंत गरम करूनच मोजावं. आणि सुरुवातीच्या सौम्य त्रासात आलेख नॉर्मलही येतो.