टाळी दिसते कधी आणि ऐकू येते कधी

कीर्तनाचे चित्रीकरण करताना कॅमेरा बहुधा सभामंडपाच्या मागच्या टोकाला असतो आणि बुवांच्या उपरण्याला लावलेला छोटा माइक त्यांच्या कमरेच्या रेकॉर्डरमध्ये आवाज स्वतंत्रपणे साठवत असतो. कॅमेऱ्याच्या माइकलाही आवाज येतोच, परंतु त्यात पंख्यांची घरघर आणि मंडपाचा घुमारा मिसळलेला असल्याने संकलन करताना तो बाजूला ठेवून रेकॉर्डरचा स्वच्छ आवाज चित्राखाली बसवावा लागतो. दोन्ही यंत्रे वेगवेगळ्या वेळी सुरू झालेली असतात. त्यांना जोडणारा एखादा सामाईक क्षण हवा, म्हणून सुरुवातीला बुवांनाच कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवायला सांगतात.

टाळीचा आवाज तरंगाकृतीत, म्हणजे वेव्हफॉर्ममध्ये, शांत रेषेतून एकदम उठलेल्या काट्यासारखा दिसतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते आणि तेवढ्याच वेळात ४८ किलोहर्ट्झवर चालणारा रेकॉर्डर आवाजाचे १९२० नमुने घेतो. म्हणजे आवाजातला क्षण आपल्याला फार बारकाईने कळतो, चित्रातला मात्र ढोबळच: एका फ्रेममध्ये तळवे किंचित दूर असतात, पुढच्या फ्रेममध्ये जुळलेले असतात आणि खरी टाळी त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी वाजलेली असते. तळवे जुळलेली पहिली फ्रेम आणि आवाजाचा काटा एकाखाली एक आणले की चूक एका फ्रेमच्या आत राहते.

आजकाल मात्र हे काम सॉफ्टवेअरवर सोपवले जाते. ते रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजावरून थोडा थोडा सरकवत नेते आणि प्रत्येक ठिकाणी दोन्हींचे समोरासमोर आलेले नमुने गुणून त्या गुणाकारांची बेरीज करते. चढ-उतार जुळत नसतील तर धन आणि ऋण गुणाकार एकमेकांना खाऊन टाकतात. जुळले की बेरीज एकदम वाढते आणि ती जागा योग्य धरली जाते. बोलण्याच्या बाबतीत ही पद्धत उत्तम चालते. पखवाज आणि टाळांचा एकच ठेका बराच वेळ चालू असेल, तर प्रत्येक आवर्तन मागच्यासारखेच असल्याने बेरजेला अनेक शिखरे मिळतात आणि कधीकधी आवाज अख्ख्या आवर्तनाने सरकून बसतो. ही चूक निदान लगेच उघडी पडते, कारण दोन्ही आवाज एकदम वाजवले की शब्दावर शब्द चढतात.

त्याहून फसवी चूक अंतरामुळे होते. कॅमेरा बुवांपासून १७ मीटरवर असेल तर त्यांचा आवाज हवेतून तिथे पोहोचायला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात, चित्र मात्र तत्क्षणी पोहोचते. सॉफ्टवेअर रेकॉर्डरचा आवाज या उशिरा आलेल्या आवाजाशी जुळवते, त्यामुळे तो ओठांच्या मागे सव्वा फ्रेम राहतो. दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवून पाहिले तरी इथे कान काही सांगत नाही, कारण दोन्ही आवाज एकमेकांशी अगदी बरोबर जुळलेले असतात. कॅमेऱ्याजवळ लाउडस्पीकर टांगलेला असेल तर हा उशीर बराच कमी होतो. म्हणून अंतर मोजून आकडेमोड करण्यापेक्षा टाळीची फ्रेम पाहावी, हे माझे मत.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे गेला तर प्रेक्षकाच्या लक्षात येऊ लागतो, पण मागे राहिला तर १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. लांबून पाहताना आवाज उशिरा येण्याची आपल्याला सवय असते, उलट प्रकार निसर्गात घडत नाही. त्यामुळे ५० मिलिसेकंदांची ही चूक सुरुवातीला कुणाला जाणवणार नाही.

ती दीड तासाने जाणवते. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या स्फटिकाच्या घड्याळावर चालतात आणि ही घड्याळे तंतोतंत सारखी नसतात. रेकॉर्डरचे घड्याळ दहा लाखांत २२ भागांनी वेगाने चालत असेल, तर तो दर सेकंदाला एखादा नमुना जास्त घेतो. नंतर ठरलेल्या वेगाने वाजवताना ध्वनिमुद्रण तेवढे लांबते आणि ५४०० सेकंदांच्या शेवटी आवाज सुमारे १२० मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम, मागे पडतो. त्यात आधीचे ५० मिळवले की १७० होतात आणि शेवटच्या अभंगात ओठ व शब्द उघडपणे सुटलेले दिसतात.

हे सरकणे ओळखण्यासाठी कीर्तन संपल्यावर, दोन्ही यंत्रे बंद करण्यापूर्वी, दुसरी टाळी घ्यावी. सुरुवातीची टाळी जुळवल्यावर शेवटची तीन फ्रेम मागे दिसली, तर आवाजाचा वेग ०.००२२ टक्क्यांनी वाढवला की दोन्ही टोके बसतात. काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये दशांशानंतर दोनच आकडे भरता येतात. अशा वेळी दर अर्ध्या तासाला आवाज कापून पुढचा भाग एक फ्रेम अलीकडे ओढावा. हा काप बुवा श्वास घेतात किंवा श्रोते हसतात तिथे लावावा, टाळमृदंगाच्या गजरात नव्हे, कारण तिथे ४० मिलिसेकंद गाळले की ठेका अडखळल्याचे चटकन ऐकू येते.