मालक भाडं घेत नाही, मग कोर्टात कधी आणि कसं भरायचं?

जुन्या वाड्यात, चाळीत किंवा पागडीच्या खोलीत राहणाऱ्यांचा हा नेहमीचा प्रश्न. मालक वर्षानुवर्षं भाडं घेत होता, मग अचानक घ्यायचं थांबवलं. कधी इमारत बिल्डरला द्यायची असते, कधी वडील गेल्यावर मुलाला भाडेकरू मानायचं नसतं. वर्षभर भाडं नाकारायचं आणि मग 'थकबाकी' म्हणून नोटीस पाठवायची, ही खेळी जुनीच आहे.

अशा वेळी कुणीतरी सल्ला देतं, "कोर्टात भरून टाक." लोक पैसे घेऊन नाजराकडे, म्हणजे कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातात आणि परत पाठवले जातात. कारण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये दावा किंवा अर्ज चालू नसताना नुसतं भाडं भरून घेणारी खिडकी नाही. दिल्लीच्या 1958 च्या कायद्यात कलम 27 खाली तशी सोय आहे आणि इंटरनेटवरची पुष्कळ माहिती तिथली असते. आपल्याकडे कोर्टात भरायची वेळ प्रामुख्याने दोनदा येते: मालकाने थकबाकीचा दावा लावल्यावर कलम 15 खाली, किंवा प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याप्रमाणे योग्य भाडं, ठरवायचा अर्ज तुम्ही स्वतः केल्यावर कलम 8 खाली. दुसऱ्या प्रकारात कोर्ट अंतरिम रक्कम सांगतं आणि ती भरली नाही तर अर्जच जातो.

तोवर काय करायचं? मालक नाकारतोय याचा पुरावा जमवायचा. मनीऑर्डर करा, संदेशाला जागा असेल तर तिथे 'अमुक महिन्याचं भाडं, अमुक खोली' असं लिहा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली तर पावतीसकट जपून ठेवा. चेक टपालाने पाठवला आणि लिफाफा परत आला तर तो फोडू नका, तसाच ठेवा. मालकाचा बँक खाते क्रमांक माहीत असेल तर सरळ पैसे वळते करणं सगळ्यात सोपं. "मी द्यायला गेलो होतो, त्यांनी घेतलं नाही" हे तोंडी सांगणं कोर्टात फारसं टिकत नाही.

आता नोटीस. थकबाकीच्या कारणावरून दावा लावायचा तर मालकाला आधी लेखी मागणी करावी लागते आणि ती तुम्हाला पोचल्यापासून 90 दिवस थांबावं लागतं. या 90 दिवसांत मागणीची योग्य रक्कम दिली तर त्या नोटिशीवर थकबाकीचा दावा उभा राहत नाही. इथे लोक एक घोटाळा करतात: पोस्टमनला "नको" म्हणून नोटीस परत पाठवतात. बरोबर पत्त्यावर आलेलं टपाल नाकारलं की ते सहसा मिळालं असंच धरलं जातं. मुदत सुरू होते आणि कागदात काय मागितलंय हे मात्र तुम्हाला कळत नाही. घ्या, वाचा, उत्तर द्या आणि पैसे पाठवा. नकार आलाच तर तोही पुराव्यात.

तरीही दावा लागला तर कलम 15(3) चं संरक्षण मिळतं. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांच्या आत तोवर देय असलेलं सगळं भाडं, परवानगी असलेली वाढ आणि थकबाकीवर वर्षाला 15 टक्के सरळ व्याज कोर्टात भरायचं. पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत नियमित भरत राहायचं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा. हे सगळं पाळलं तर थकबाकीच्या कारणावरून घर खाली करायचा हुकूम होऊ शकत नाही.

पुष्कळ दावे 'तोवर देय' या शब्दांवर हरले जातात. एक काल्पनिक हिशोब पाहा. भाडं महिना 600 रुपये. नोटिशीत 14 महिन्यांचे 8,400 मागितलेत. भाडेकरू दावा हातात आल्यावर 8,400 भरून मोकळा होतो. पण नोटिशीचे 90 दिवस, मग दावा दाखल होणं, मग समन्स, यात आणखी 8 महिने गेलेले असतात. म्हणजे भरताना देय 22 महिने, 13,200 रुपये. व्याज महिन्याला 600 वर साडेसात रुपये. सगळ्यात जुना महिना 22 महिने थकलेला, शेवटचा एक महिना, असं धरून एकूण व्याज 1,897 रुपये 50 पैसे होतं. भरायचे 15,097 रुपये 50 पैसे. त्यात महापालिकेच्या कराचा तुमच्या वाट्याला येणारा भाग असेल तर तोही मिळवा. थोडे जास्त भरले तर बिघडत नाही, कमी पडले तर सारं संरक्षण धोक्यात येतं.

दिवसही नीट मोजा. समन्स 10 जूनला मिळालं तर 90 वा दिवस 8 सप्टेंबर. 'तीन महिने' समजून 10 सप्टेंबरला गेलात तर उशीर झाला. मुदत पहिल्या तारखेपासून किंवा वकिलाने हजर होऊन वकालतनामा दिल्यापासून सुरू होत नाही, आणि ती वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका. लेखी कैफियतीसाठी, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर द्यायला, मागितलेली तारीख ही भाडं भरायची सवलत नव्हे. शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, सुट्टी आडवी येते.

भरण्याचं काम थोडक्यात असं. मुंबईत लघुवाद न्यायालय, पुणे-नागपुरातही लघुवाद न्यायालय, इतरत्र साधारणतः दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. रक्कम भरायच्या परवानगीचा अर्ज द्यायचा, त्यात महिनावार तक्ता जोडायचा, हुकूम घ्यायचा, चलनाने पैसे भरायचे आणि पावती पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी कळवणारा कागद, याच्यासोबत दाखल करायची. त्याच अर्जात पुढचं भाडं दर महिन्याला ठरावीक तारखेपर्यंत भरायची कायम परवानगी मागा, नाहीतर दर महिन्याला हुकुमासाठी खेटे होतात. 'हक्क राखून' हे शब्द न विसरता लिहा, म्हणजे रकमेच्या वादावर तुमचं म्हणणं शाबूत राहतं. मालक ही रक्कम कोर्टाकडून मागून घेऊ शकतो. त्याने घेतली म्हणून तुमचं काही बिघडत नाही.

पावती हा कागद बहुतेकांकडे नसतो. मालकाने दिलीच नाही, हे खरंही असतं. पैसे घेतले की पावती देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे, पण ते सांगून उपयोग नाही. जुन्या पावत्या, भोगवटादार म्हणून नाव असलेला करआकारणी उतारा, वीजबिल, शिधापत्रिका, परत आलेल्या मनीऑर्डरी, जे असेल ते वकिलाकडे न्या. पावत्या मयत वडिलांच्या नावावर असतील तर तुम्ही त्यांच्यासोबत त्याच घरात राहत होता हे दाखवणारे कागद जास्त महत्त्वाचे.

आणि हे समजून घ्या की कोर्टात भाडं भरणं फक्त थकबाकीच्या हुकुमापासून वाचवतं. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल, तुम्ही पोटभाडेकरू ठेवला असेल, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं असेल किंवा घर सबळ कारणाशिवाय सहा महिने सलग बंद ठेवलं असेल, तर कलम 16 खालचा दावा पैसे भरूनही चालूच राहतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना हे संरक्षण मुळातच नाही. मुदत संपल्यावर मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो.

निकाल विरोधात गेला तर अपिलाला 30 दिवस असतात. अपील दाखल होऊन स्थगिती मिळेपर्यंतही भाडं भरणं थांबवू नका, आणि एकाही महिन्याचं चलन फाईलमधून हरवू देऊ नका.