‘ऑप्शन फॉरवर्ड’ म्हणजे ऑप्शन नव्हे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. कोरियातून धातू कापायची हत्यारं, म्हणजे कार्बाइड इन्सर्ट आणि टूलहोल्डर, मागवून ते सांगली-मिरज-इचलकरंजी भागातल्या मशिन शॉपना विकतात. आवाज चढलेला होता. “अहो, डॉलर सत्त्याहत्तरवर आलाय आणि बँक मला साडेऐंशीनं लावायला निघालीय. कागदावर स्पष्ट ‘ऑप्शन’ लिहिलंय. मला नकोय तो डॉलर, मी आज बाजारभावानं घेणार!”

कागद मागवून पाहिला. ‘ऑप्शन’ होतंच, पण ते तारखेचं होतं. डॉलर कोणत्या दिवशी घ्यायचा एवढंच ठरवायची मुभा होती, घ्यायचा की नाही ही नव्हती. एका शब्दामुळे होणारी ही गफलत मी बऱ्याच आयातदारांकडे पाहिली आहे, म्हणून दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघू. हिशेब चटकन लागावा म्हणून आकडे गोल केले आहेत.

अण्णांचं बिल 1 लाख डॉलरचं. माल बुसान बंदरात जहाजावर चढला की त्या बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून साठ दिवसांनी पैसे द्यायचे. जहाज नेमकं कधी सुटणार हे जानेवारीत कोणालाच माहीत नव्हतं. पैसे एप्रिलमध्ये कधीतरी द्यावे लागतील, एवढाच अंदाज. जानेवारीअखेरच्या त्या दिवशी डॉलर 80 रुपयांना होता. इकडे त्यांनी गिऱ्हाइकांना इन्सर्टचे भाव सांगून टाकले होते. डॉलर 84 वर गेला असता तर नफा सगळा तिकडेच गेला असता.

म्हणून ते फॉरवर्ड करायला, म्हणजे पुढे घ्यायच्या डॉलरचा भाव आजच बांधून घ्यायला, बँकेत गेले. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाहिलं, अण्णांच्या नावावर फॉरवर्डची लिमिट आहे ना ते तपासलं आणि डॉलरचे भाव देणाऱ्या, बँकेच्याच मुंबईच्या ट्रेझरीला फोन लावला. एप्रिल अखेरचा भाव आला 80.50. वरचे पन्नास पैसे कुठले? त्यातले चाळीस पैसे म्हणजे फॉरवर्ड प्रीमियम. रुपयाचं व्याज सात टक्के आणि डॉलरचं पाच टक्के धरलं, तर वर्षाला दोन टक्क्यांचा फरक पडतो, तीन महिन्यांना अर्धा टक्का, म्हणजे 80 रुपयांवर चाळीस पैसे. उरलेले दहा पैसे बँकेचं मार्जिन. डॉलर पुढे वाढेल असा बँकेचा अंदाज त्या प्रीमियममध्ये नसतो, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. तो मुख्यतः दोन देशांच्या व्याजातला फरक. घासाघीस करायचीच असेल तर ती त्या दहा पैशांवर करता येते, आणि जरूर करावी.

तारीख नक्की नसल्यामुळे करार 1 ते 30 एप्रिल या मुदतीत कधीही डॉलर उचलण्याचा झाला. बँकेच्या भाषेत हाच ‘ऑप्शन फॉरवर्ड’. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे ही खिडकी जास्तीत जास्त एका महिन्याची असते. आयातदाराला डॉलर विकताना बँक प्रीमियम खिडकीच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा लावते. अण्णांनी 1 एप्रिललाच डॉलर उचलला असता तरी प्रीमियम 30 तारखेचाच पडला असता. एका महिन्याचा फरक साधारण तेरा पैसे, म्हणजे 1 लाख डॉलरवर तेरा हजार रुपये. तारखेच्या मोकळीकीची किंमत ही एवढीच. एवढ्या पैशांत डॉलर नाकारायचा हक्क येत नसतो.

तो हक्क देणारी चीज वेगळी, ती म्हणजे खरा ऑप्शन. त्यात ठरलेल्या दिवशी 80.50 ला डॉलर घ्यायचा हक्क मिळतो, बंधन नसतं. त्या हक्काचे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. समजा डॉलरमागे नव्वद पैसे, म्हणजे 1 लाख डॉलरला नव्वद हजार. यालाही प्रीमियमच म्हणतात, आणि घोटाळ्यात आणखी भर पडते. फॉरवर्डचा प्रीमियम भावातच मिसळलेला असतो, खिशातून वेगळा जात नाही. ऑप्शनचा प्रीमियम रोख जातो आणि परत येत नाही.

तासगावच्या द्राक्षबागांत फिरलेल्याला हे लवकर कळेल. व्यापारी बागेत येतो, चार किलोच्या पेटीचा भाव ठरवतो आणि इसार देतो. पुढे बाजार पडला की काही जण इसारावर पाणी सोडून गायब होतात. इसार सोडायची तयारी ठेवून निघून जाण्याची ही सोय म्हणजे ऑप्शनची जवळची भावकी. जवळची म्हटलं, सख्खी नाही. द्राक्षाचा व्यवहार पुरा झाला तर इसार एकूण रकमेतून वजा होतो. ऑप्शनचे नव्वद पैसे डॉलर घेतला तरी गेले आणि नाही घेतला तरी गेले. फॉरवर्ड मात्र लिहून दिलेला सौदा. त्यात गायब व्हायला वाट नाही, कारण समोर शेतकरी नसून आपली लिमिट सांभाळणारी आणि आपल्याच खात्यावर हात असलेली बँक असते.

आता भाव फिरला तर काय होतं ते बघू. एप्रिलमध्ये डॉलर 84 झाला असता, तर फॉरवर्डवाल्याला तो 80.50 ला पडला असता आणि ऑप्शनवाल्याला नव्वद पैसे धरून 81.40 ला. दोघेही वाचले असते, फॉरवर्डवाला जरा स्वस्तात. डॉलर 77 ला आला, जसा तो आला, तर फॉरवर्डवाला 80.50 च मोजतो. ऑप्शनवाला आपला हक्क सोडून देतो, बाजारातून 77 ला घेतो आणि नव्वद पैसे धरून त्याला 77.90 पडतो. म्हणजे ऑप्शन फॉरवर्डपेक्षा स्वस्त पडायला डॉलर 79.60 च्या खाली यायला हवा. तो 80 च्या आसपासच घुटमळत राहिला तर ऑप्शनवाल्याचे नव्वद पैसे जवळजवळ वायाच जातात. आमच्याकडचे बहुतेक छोटे आयातदार ऑप्शनच्या वाटेला जात नाहीत ते यामुळेच. रोख नव्वद हजार डोळ्यांना दिसतात, फॉरवर्डमधली बांधिलकी दिसत नाही.

अण्णांचं म्हणणं होतं, “म्हणजे माझे साडेतीन लाख बुडाले की!” 80.50 आणि 77 मधला फरक 1 लाख डॉलरवर तेवढाच होतो खरा. पण बुडाले म्हणावं का? जानेवारीत त्यांनी गिऱ्हाइकांना भाव सांगितले ते डॉलर साडेऐंशीच्या आसपास धरूनच. माल आला, ठरल्या भावानं विकला, ठरलेला नफा सुटला. हातातून गेली ती स्वस्ताईची संधी. बँकेनं ते साडेतीन लाख खिशात घातले असंही नाही. फॉरवर्ड विकला त्याच दिवशी बँकेनं आपली बाजू बाजारात झाकून घेतलेली असते. तिला तो डॉलर 80.40 च्या आसपास आधीच पडलेला असतो. म्हणून ‘नको’ म्हटल्यावर ती सोडत नाही.

अण्णांचं खरं दुखणं दुसरीकडे होतं आणि ते बोलायला थोडा वेळ लागला. त्यांच्याच धंद्यातल्या एकानं काहीच बुक केलं नव्हतं. त्याला माल 77 ने पडला आणि त्यानं इन्सर्टचे भाव उतरवले. जुन्या ऑर्डर अण्णांकडेच राहिल्या, नव्या सरकू लागल्या. डॉलर अनुकूल फिरल्यावर फॉरवर्डची किंमत खरी कुठे जाणवते, तर इथे. तुमचा विक्रीभाव आधीच ठरलेला असेल तर स्वस्त डॉलरचं फारसं दुःख नाही. पण तो शेजाऱ्याकडे बघून ठरत असेल, तर खरेदी बांधलेली आणि विक्री मोकळी अशी लंगडी स्थिती होते. हे काही क्वचित घडणारं नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये डॉलर 74 रुपयांच्या वर गेला होता, आणि वर्ष सरता सरता 70 च्या आसपास आला. त्या ऑक्टोबरात घाबरून सगळाच्या सगळा माल बुक करणाऱ्यांचं असंच झालं.

मी म्हटलं, रद्द करून बघा, हिशेब मांडू. रद्द करायचं म्हणजे बँक 80.50 ला विकलेला डॉलर आपल्याकडून 77 च्या आसपास परत घेते आणि साडेतीन लाखांचा फरक खात्यातून कापते. मग बिल भागवायला बाजारातून 77 ला डॉलर घ्यायचा. दोन्हींची बेरीज पुन्हा 80.50, वर बँकेचे चार्जेस. अण्णा गप्प झाले.

मात्र एक वेळ अशी येते की ही संधीची किंमत रोखीचा तोटा होऊन बसते. ऑर्डरच रद्द झाली, किंवा जहाज इतकं लांबलं की पैसे मेमध्ये द्यायचे झाले, तर फॉरवर्ड रद्द करून पुढच्या तारखेला नव्यानं बांधावा लागतो. डॉलर पडलेला असेल तर साडेतीन लाख आजच भरावे लागतात. नवा करार 77 च्या वर थोड्या प्रीमियमनं होतो, म्हणजे भरपाई मिळते, पण ती पुढच्या महिन्यात. ऑर्डरच गेली असेल तर तीही नाही. आणि करार मुदतीनंतर तसाच पडू दिला तर बँक तो आपणहून रद्द करते. तसं झालं की तोटा असेल तर वसूल होतो आणि फायदा असेल तर मिळत नाही. म्हणून शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी बँकेला लेखी कळवावं, असं मी सगळ्यांना सांगतो.

अण्णांनी 80.50 ला डॉलर उचलला. पुढच्या खेपेला त्यांनी वही काढून आधी विकून झालेला माल किती ते पाहिलं. भाव ठरलेल्या साठ हजार डॉलरचाच फॉरवर्ड घेतला आणि दुकानात ठेवून विकायच्या मालाचे चाळीस हजार मोकळे ठेवले. सही करण्याआधी अधिकाऱ्यांना त्यांनी विचारलं, “साहेब, हे ऑप्शन तारखेचं की घेण्याचं?” अधिकारी म्हणाले, “तारखेचं.” “मग तसं मराठीत लिहून द्या खाली,” अण्णा म्हणाले.