रोजावरचा पगार आणि खाडा कापून दिलेला पगार: हजेरी तीच, रक्कम वेगळी का?

"रोज ६०० रुपये" आणि "महिना १५,६००, खाडे कापून" हे दोन ठराव कानाला सारखेच लागतात, कारण ६०० गुणिले २६ म्हणजे १५,६००. म्हणून छोट्या वर्कशॉपमध्ये किंवा गोदामात दोन्ही प्रकारच्या कामगारांचा हिशेब एकाच सूत्राने होतो आणि पगाराच्या दिवशी वाद होतो. रोजाचा हिशेब शून्यापासून सुरू होतो आणि हजेरीगणिक वाढतो. महिन्याचा हिशेब पूर्ण पगारापासून सुरू होतो आणि खाड्यागणिक कमी होतो. ज्या महिन्यात कामाचे दिवस बरोबर २६ असतात, त्याच महिन्यात ही दोन टोकं जुळतात.

जुलै २०२५ घ्या. ३१ दिवस, चार रविवार, म्हणजे कामाचे दिवस २७. एका कामगाराचे २२ पूर्ण दिवस, तीन अर्धे आणि दोन खाडे. हजेरी झाली २२ + १.५ = २३.५, आणि खाडे २ + १.५ = ३.५. दोन्हींची बेरीज २७ येते, म्हणजे मस्टर बरोबर आहे.

तो रोजावर असेल तर २३.५ × ६०० = १४,१०० रुपये, विषय संपला. रविवारचं वेगळं काही नाही. महाराष्ट्रात किमान वेतनाचा रोज काढतानाही महिन्याच्या दराला २६ ने भागतात आणि साप्ताहिक सुट्टीचा पगार त्यातच धरलेला असतो.

तोच कामगार महिन्यावर असेल तर बहुतेक जण १५,६०० ला २६ ने भागतात, ३.५ ने गुणून २,१०० कापतात आणि हातावर १३,५०० ठेवतात. चूक इथेच आहे. हे तपासायला दोन टोकाचे महिने पुरतात. जुलैत कोणी एकच दिवस आला, तर खाडे २६ आणि कपात पूर्ण १५,६००. एक दिवस राबूनही त्याला शून्य. फेब्रुवारी २०२५ मध्ये कामाचे दिवस २४ होते. तिथे एकच दिवस आलेल्याचे खाडे २३, कपात १३,८००, म्हणजे त्या एका दिवसाचे १,८०० रुपये. जुलैत कामगार बुडतो, फेब्रुवारीत मालक.

म्हणून खाडा कापताना भाजक त्या महिन्यातले कामाचे दिवस घ्यावेत: १५,६०० ÷ २७ × ३.५ = २,०२२.२२. पगार १३,५७७.७८. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम ९ चाही हाच रोख होता: ज्या दिवसांत काम करणं अपेक्षित आहे, त्यांच्याशी गैरहजेरीचं जे प्रमाण पडेल, त्यापेक्षा जास्त कपात करायची नाही. २६ ने भागून कापलेले २,१०० ही मर्यादा ओलांडतात. ग्रॅच्युइटीला २६ चा भाजक योग्य, पण म्हणून तो सगळीकडे चालत नाही. कॅलेंडरच्या ३१ दिवसांनी भागलं तर १३,८३८.७१ येतात, कामगाराच्या फायद्याचे. फक्त ते आधी ठरलेलं हवं, महिना बघून भाजक बदलायचा नाही.

आता मस्टरमधला रिकामा रकाना. मुकादम एखाद्या दिवशी खूण करायला विसरला, तर रोजाच्या हिशेबात तो दिवस गुपचूप खाडा होतो, आणि महिन्याच्या हिशेबात गुपचूप हजर. एकच चूक, पण नुकसान उलट्या बाजूंचं. म्हणून हजर P, अर्धा H, खाडा A, सुट्टी W अशी प्रत्येक दिवसाला खूण हवीच. एक्सेलमध्ये तारखा C पासून AG पर्यंत असतील तर हजेरी, खाडे आणि पडताळा असा काढता येतो:

```
=COUNTIF(C5:AG5,"P")+0.5*COUNTIF(C5:AG5,"H")
=COUNTIF(C5:AG5,"A")+0.5*COUNTIF(C5:AG5,"H")
=COUNTIF(C5:AG5,"P")+COUNTIF(C5:AG5,"H")+COUNTIF(C5:AG5,"A")+COUNTIF(C5:AG5,"W")
```

तिसऱ्या ओळीचं उत्तर ३१ आलं नाही, तर पगार काढायचा नाही. आधी कमी पडलेला दिवस शोधायचा. बऱ्याचदा तिथे P च्या मागे एक स्पेस पडलेली असते: डोळ्यांना दिसत नाही, सूत्र मात्र ती खूण मोजत नाही. पडताळ्यात H अख्खा एक धरलाय, कारण इथे आपण पैसे नाही, खुणा मोजतोय.

ओव्हरटाइम भरून काढायला "दीड हजेरी" लावायची सवय मोडलेली बरी. एक अर्धा दिवस आणि एक दीड मिळून दोन होतात, आणि मस्टरवर दोन्ही दिवस पूर्णच दिसतात. जादा तास वेगळ्या रकान्यात लिहावेत. उचलही सगळ्यात शेवटी, निघालेल्या पगारातून वजा करावी. ती हजेरीत मिसळली की पुढच्या महिन्यात किती फिटली, हे कोणालाच सांगता येत नाही.