पाणी येणार नाही, की ‘पुरवठा खंडित करण्यात येणार’?

बेळगावातल्या कुठल्याही गल्लीच्या फळ्यावर शोभेल अशी एक सूचना घेऊ:

“सर्व नागरिकांस कळविण्यात येते की, जलवाहिनी दुरुस्तीच्या कामास्तव बुधवार दि. १४ रोजी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत पाणीपुरवठा खंडित करण्यात येणार असून, गुरुवारी तो कमी दाबाने होण्याची शक्यता आहे. तरी आपण पाण्याचा साठा करून सहकार्य करावे.”

व्याकरणात चूक नाही. तरी ही वाचून माणूस शेजारी विचारतो, “म्हणजे पाणी यायचं कधी?” आपल्याला वाटतं, ‘जलवाहिनी’सारखे शब्द अवघड आहेत. शब्दांचा त्रास थोडाच होतो. खरी अडचण वाक्याच्या बांधणीत आहे.

‘खंडित करण्यात येणार’ ही ‘-ण्यात येणे’ची रचना घरात कुणी वापरत नाही. “भाजी करण्यात आली” असं कोणती आई म्हणते? या रचनेत कर्ता गायब होतो आणि क्रियापदाचं नाम बनतं. बोलताना आपण क्रिया क्रियापदातच ठेवतो: पाणी येणार नाही, पाइप दुरुस्त करणार आहेत. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘असून’ने दोन वाक्यं जोडली की वाचणाऱ्याला कारण, दिवस, वेळ असं सगळं डोक्यात धरून मुख्य क्रियेची वाट पाहावी लागते.

ही लेखी रचना शाळेत शिकावी लागते. सीमाभागात घरी अस्खलित मराठी बोलणारी कितीतरी मुलं कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकली आहेत. त्यांची मराठी कच्ची नाही, त्यांना फक्त कार्यालयी मराठी वाचायची सवय लागलेली नाही. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी पाहिलं होतं, की शेजारी राहून मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांच्या वाक्यांची घडण जवळजवळ एकसारखी झाली होती, शब्द मात्र आपापले राहिले होते. १९७१ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आपल्याला इथे उपयोगी आहे. ‘-ण्यात येणे’सारखी कर्मणी रचना बोली कन्नडातही विरळाच. त्यामुळे सूचना बोलीच्या बांधणीत लिहिली, तर मराठी समजणाऱ्या कन्नड शेजाऱ्यालाही ती सोपी जाईल, असं मला वाटतं.

आता तीच सूचना पुन्हा लिहू:

“बुधवारी, १४ तारखेला, सकाळी ९ ते संध्याकाळी ५ नळाला पाणी येणार नाही. पाइप दुरुस्त करणार आहेत. गुरुवारी पाणी येईल, पण बहुतेक कमी दाबाने. मंगळवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.”

यातला ‘बहुतेक’ जपून ठेवला आहे. सोपं करण्याच्या भरात ‘शक्यता आहे’ गळतं आणि “गुरुवारी कमी दाबाने येईल” असं पक्कं वचन तयार होतं. पुनर्लेखनात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. उलट ‘मंगळवारी रात्रीच’ मूळ सूचनेत नव्हतं. साठा कधी करायचा, हे लेखी भाषेने वाचणाऱ्यावर सोडलं होतं. मात्र अशी भर घालण्याआधी त्या रात्री पाणी येतं का, हे विचारून घ्यावं लागतं. जिथे पाणी काही दिवसांआड सुटतं, तिथे ज्यांची पाळी बुधवारची आहे त्यांचं काय, हेही लिहावं.

‘आपण’ही काढला आहे. लेखी सूचनेत तो आदरार्थी ‘तुम्ही’ असतो, पण गल्लीतल्या बोलण्यात ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघंही. “आपण पाणी भरून ठेवावे” यात लिहिणारा धरला आहे की नाही, हे कळत नाही. ‘ठेवा’मध्ये हा प्रश्नच येत नाही आणि अनेकवचनामुळे थोरामोठ्यांचा मानही राहतो. “ठेवा की” हे आपल्याकडचं लाघवी बोलणं आहे, पण त्या ‘की’तली विनवणी आवाजात असते. कागदावर तो नुसता आग्रह वाटतो.

म्हणूनच बोलीतलं सगळंच कागदावर आणू नये. “पाइप दुरुस्त करुलालेत” हे बेळगावात कानाला गोड लागतं, पण त्याचं लेखन ठरलेलं नाही. वाचणारा अक्षरांत अडकतो आणि काहींना आपली टिंगल केल्यासारखी वाटते. वाक्याची बांधणी बोलीची घ्यावी आणि शब्दांची रूपं सगळ्यांच्या ओळखीची ठेवावीत.

जमलं की नाही, हे तपासायला कागद अशा एकाला द्यावा ज्याला बातमी माहीत नाही. त्याने एकदा वाचला की कागद काढून घ्यावा आणि “समजलं का?” असं न विचारता विचारावं, “मग तुम्ही काय करणार, आणि कधी?” ‘समजलं का’ला सगळेच हो म्हणतात. उत्तरात मंगळवार रात्र आली नाही, तर ते वाक्य आधी, सुरुवातीलाच घालावं.